प्रमाणपत्र आहे, पण अहवाल कुठे आहे?

डिस्लेक्सिया असलेली मुंबईची एक विद्यार्थिनी पदवीसाठी ब्रिटनला निघाली आहे, असे समजू. दहावी-बारावीत तिला तासाला २० मिनिटे जादा मिळाली. सरकारी रुग्णालयाचे प्रमाणपत्रही फाइलमध्ये आहे. तरीही तिथे अडचण येऊ शकते. प्रमाणपत्रावर बहुधा निदान आणि सवलती एवढेच लिहिलेले असते. विद्यापीठाच्या अपंगत्व सेवा विभागाला मात्र वाचनाचा वेग, स्मरणशक्ती, लेखन यांच्या चाचण्यांचे गुण दाखवणारा मानसशास्त्रज्ञांचा सविस्तर इंग्रजी अहवाल हवा असतो. तो निघण्यापूर्वीच मागून घ्यावा. तिथे नव्याने चाचणी करायची तर शेकडो पौंड लागतात.

२०१० च्या समानता कायद्यानुसार वाजवी सोयी करून देणे विद्यापीठावर बंधनकारक आहे, मग विद्यार्थी परदेशी का असेना. सरकारी अपंग विद्यार्थी भत्ता मात्र परदेशी विद्यार्थ्यांना सहसा मिळत नाही.

प्रवेशअर्जात अपंगत्वाची नोंद केली म्हणजे काम झाले, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात विभागाकडे स्वतः जाऊन नाव नोंदवावे लागते. मग सल्लागार भेटतो आणि सोयींचा लेखी आराखडा ठरतो: जादा वेळ, संगणकावर उत्तरे, वेगळी खोली. जादा वेळ बहुधा २५ टक्के असतो. म्हणजे तीन तासांच्या पेपरला इथे चार तास मिळत होते, तिथे पावणेचार.

परीक्षेच्या सोयींची मुदत परीक्षेच्या कित्येक आठवडे आधीच संपते. ती हुकली तर त्या सत्रापुरता जादा वेळ हातचा जाऊ शकतो.