खजिनदार बदलताना चार्ज कसा द्यावा-घ्यावा: पासबुकातले पैसे सगळे संस्थेचे नसतात



1 जून ते 31 जुलै अशी 61 दिवसांची मासेमारी बंदी असते तेव्हा बोटी किनाऱ्याला असतात आणि कमिटीलाही हिशेबाकडे बघायला थोडी सवड मिळते. केरी, हरमल, मोरजीपासून शापोऱ्यापर्यंत आपल्या भागातल्या संस्थांमध्ये खजिनदार बदलायचा असेल तर हा काळ सोयीचा. पण फसगतही याच काळात जास्त होते. पंपावर विक्री नसते, मोठा खर्च नसतो आणि बँकेत पैसे पडून दिसतात. नवीन माणूस पासबुक बघतो आणि म्हणतो, संस्था चांगली चालली आहे. मग ऑगस्टच्या पहिल्याच आठवड्यात टँकरचे पैसे भरायला कमी पडतात.

कारण सरळ आहे. पासबुक फक्त किती पैसे आहेत ते सांगते. ते कोणाचे आहेत आणि कशासाठी अडकलेले आहेत, ते जाणाऱ्या खजिनदाराने लिहून द्यायचे असते. त्यालाच चार्ज नोट म्हणतात. "सगळे फाईलीत आहे, काही लागले तर फोन कर" एवढ्याने चार्ज होत नाही.

काही जण म्हणतात, ऑडिट झालेला ताळेबंद आहे ना, मग वेगळी नोट कशाला? ताळेबंद 31 मार्चचा असतो. तो वार्षिक सभेपुढे येतो तोपर्यंत ऑगस्ट-सप्टेंबर उजाडतो. मधल्या महिन्यांत कोणाला काय कबूल केले, कोणते बिल यायचे आहे, हे त्यात नसते. म्हणून नोट चार्ज देण्याच्या तारखेची हवी आणि त्या तारखेचे बँक स्टेटमेंट तिला जोडलेले हवे.

बजेटची फाईल कशी वाचायची

बजेटच्या फाईलीत साधारण दोन रकाने असतात: मंजूर किती आणि खर्च किती. दोन्हींतला फरक आपण "शिल्लक" म्हणून वाचतो. इथे तिसरा रकाना लागतो: कबूल केलेले, पण अजून न दिलेले.

एक उदाहरण घेऊ. यातले आकडे फक्त समजण्यासाठी आहेत. समजा जेटीवरच्या शेडचे छप्पर बदलायला 3,00,000 रुपये मंजूर झाले आणि तेवढ्याच रकमेचे काम कंत्राटदाराला लेखी दिले. अर्धेअधिक काम झाले, त्याचे 1,80,000 रुपयांचे बिल भागवले. दोन रकान्यांच्या फाईलीत 1,20,000 शिल्लक दिसतात. नवीन कमिटी म्हणते, पैसे उरलेत तर सीसीटीव्ही बसवू. पण ते उरलेले नाहीत. पाऊस थांबला की कंत्राटदार उरलेले पत्रे घालणार आणि बिल आणणार. तिसऱ्या रकान्यात 1,20,000 लिहिले की खरी शिल्लक शून्य दिसते.

अशी कबुली जिथे जिथे दिली असेल तिथे ठरावाची तारीख, वर्क ऑर्डर आणि काय झाल्यावर पैसे द्यायचे ती अट नोटीत लिहावी. तोंडी शब्द दिला असेल तर तोही लिहावा, पण "ठराव नाही" असे पुढे स्पष्ट मांडावे. मग नवीन कमिटी ठरवेल.

दुसऱ्याचे पैसे वेगळे काढणे

आता त्याच उदाहरणातल्या संस्थेचे 31 जुलैचे पासबुक बघा. बँकेत 6,85,000 रुपये आहेत. त्यातून एकेक रक्कम बाजूला काढू.

24 बोट मालकांनी डिझेल खात्यासाठी प्रत्येकी 10,000 अनामत ठेवली आहे. ते झाले 2,40,000. एखाद्याने बोट विकली किंवा मालक वारला तर मालकाला नाहीतर वारसाला ही रक्कम परत द्यावी लागते. सगळे एकदम मागत नाहीत, म्हणूनच ती वापरायचा मोह होतो. ती वेगळ्या मुदत ठेवीत ठेवलेली बरी. इथे ती चालू खात्यातच आहे, म्हणून आधी वजा करायची.

डिझेल सबसिडीचे 1,35,000 संस्थेच्या खात्यात जमा झाले आहेत, मालकांना अजून वाटलेले नाहीत. हा पैसा संस्थेचे उत्पन्नच नाही. संस्था फक्त पोचवणारी आहे. कोणत्या बोटीचे किती, ती यादी नोटीला जोडायची.

मे महिन्याच्या बर्फाचे बिल 58,000 द्यायचे आहे. आणि छपराच्या कंत्राटदाराचे बिल जुलैमध्ये भागवताना एक टक्का टीडीएस कापला, ते 1,800 रुपये पुढच्या महिन्याच्या 7 तारखेपर्यंत सरकारात भरायचे आहेत. रक्कम लहान आहे, पण ती चुकली की व्याज लागते.

एवढे वजा केले की 6,85,000 चे 2,50,200 होतात. त्यातून छपराचे 1,20,000 अडकलेले. हातात मोकळे राहिले 1,30,200.

आता ऑगस्टला पंप सुरू करायला टँकर मागवायचा. त्याचे आगाऊ 10,00,000 भरायचे आहेत असे धरू. पासबुक बघणारा म्हणेल, 3,15,000 कमी पडतात, कसेही जमवू. नोट वाचणाऱ्याला कळेल की खरी तूट 8,69,800 ची आहे. ओव्हरड्राफ्ट मर्यादा वाढवायची की मालकांकडून उधारी आधी वसूल करायची, हे त्याला जुलैमध्येच ठरवता येईल. नाहीतर टँकर येतो तो बोट मालकांच्याच अनामतीवर आणि सबसिडीवर. मग सबसिडी का मिळाली नाही म्हणून ऑफिसात विचारायला आपलीच माणसे येतात.

उधारीची यादी आणि टाकीतले डिझेल

येणे बाकी ही संस्थेची मालमत्ता खरी, पण कागदावरची प्रत्येक बाकी वसूल होणारी नसते. म्हणून उधारीच्या यादीत बोट, मालक आणि रक्कम यांच्याबरोबर शेवटचा भरणा कधी झाला ती तारीख हवी. ज्या बाकीत दोन-दोन सीझन एक रुपया हललेला नाही, ती वेगळ्या पानावर लिहावी. वसुलीच्या दाव्याला मुदत असते, हेही ध्यानात ठेवावे. मालकाची बाकी मान्य असल्याची सही चार्जच्या आधीच घेतली तर पुढे "मी भरले होते, जुन्या खजिनदाराकडे दिले" हा वाद होत नाही.

पंप असेल तिथे टाकीतले डिझेल म्हणजेही पैसाच. चार्जच्या दिवशी दोघांच्या समोर डिप रॉड घालून माप घ्यावे, चार्टवरून लिटर काढावेत आणि स्टॉक रजिस्टरशी जुळवावे. पावसात टाकीत पाणी शिरते. रॉडच्या टोकाला पाणी दाखवणारी पेस्ट लावली की तळाशी किती पाणी आहे ते रंग बदलून कळते. तेवढे मापातून वजा करायचे. रजिस्टर आणि माप यांत फरक आला तर तो त्याच दिवशी नोटीत लिहून दोघांनी सही करावी. नंतर निघालेला फरक कोणाच्या काळातला, ते सांगता येत नाही.

अजून न ठरलेली देणी

काही देणी अशी असतात की ती येतीलच असे नाही, पण आली तर मोठी असतात. मागच्या ऑडिटमधला न सुटलेला आक्षेप, नोकरी सोडलेल्या कामगाराची मागणी, कोणाचा चालू दावा, आणि सरकारी अनुदानाचे न दिलेले उपयोगिता प्रमाणपत्र. शेवटचे तर सहज विसरले जाते. बर्फपेट्यांसाठी अनुदान मिळाले, पेट्या घेतल्या, पण बिले आणि प्रमाणपत्र खात्याला दिलेच नाही, तर कागदोपत्री ते पैसे न वापरलेलेच राहतात. परत मागणी येऊ शकते आणि पुढचे अनुदान अडते.

प्रत्येक बाबीला पाच गोष्टी लिहाव्यात: विषय काय, जास्तीत जास्त किती रक्कम, कागद कोणत्या फाईलीत, पुढची तारीख कोणती, आणि ती चुकली तर काय होईल. तारखा तर पहिल्याच पानावर घ्याव्यात. उदाहरणार्थ, ऑडिट लागणाऱ्या संस्थेचे प्राप्तिकर विवरणपत्र साधारणपणे 31 ऑक्टोबरपर्यंत भरायचे असते. मासळी विक्रीसारख्या कामावर सहकारी संस्थांना मिळणारी करसवलत विवरणपत्र मुदतीत भरले तरच टिकते. ही एक तारीख नवीन खजिनदाराला कोणी सांगितली नाही तर जो कर लागायचा नाही तो लागतो.

चार्जच्या दिवशी

हातातली रोकड दोघांनी मोजावी आणि कोणत्या नोटा किती ते लिहावे. चेकबुकातला पहिला न वापरलेला नंबर नोंदवावा. आधीच सही करून ठेवलेले कोरे चेक असतील तर ते तिथेच रद्द करावेत. दिलेले पण बँकेत न वटलेले चेक वेगळे लिहावेत, कारण ते पैसे पासबुकात दिसतात पण गेलेले असतात.

आजकाल आणखी एक गोष्ट राहून जाते. बँक, जीएसटी आणि प्राप्तिकराच्या साईटवर जुन्या खजिनदाराचा मोबाईल नोंदलेला असतो आणि ओटीपी त्याच्याकडे जातो. सही करणारे बदलण्याचा ठराव बँकेत देतानाच हे नंबरही बदलून घ्यावेत. जुन्या खजिनदाराच्या दृष्टीनेही ते बरे, त्याच्या नावावर पुढचे व्यवहार राहत नाहीत.

नोटीच्या तीन प्रती कराव्यात: जाणाऱ्याला, येणाऱ्याला आणि ऑफिसच्या फाईलीला. प्रत्येक पानावर दोघांची आणि चेअरमनची सही घ्यावी आणि पुढच्या कमिटी मीटिंगमध्ये ती वाचून इतिवृत्तात नोंद करावी. येणाऱ्याला एखादी रक्कम पटत नसेल तर "पडताळणी बाकी" असे लिहून सही करावी. न बघता सही करू नये.

बोट मालकांनी आपल्यापुरते एक काम करावे. खजिनदार बदलतोय असे कळले की आपली अनामत, आपली उधारी आणि आपली येणे सबसिडी हे तीन आकडे ऑफिसातून लिहून घ्यावेत आणि आपल्या पावत्यांशी जुळवावेत. फरक असेल तर जुना खजिनदार खुर्चीवर असतानाच सांगावे. त्या पावत्या कोणत्या व्यवहाराच्या, ते त्यालाच माहीत असते.

— सेक्रेटरी