पाच मिनिटांत एक रावण

‘मंदिरातल्या एका शिल्पावर पाच मिनिटं बोला, सोबत स्लाइड दाखवा,’ असं कॉलेजात सांगितलं की बहुतेक मुलं राजघराण्यापासून सुरुवात करतात. राष्ट्रकूट कोण, वेरूळला लेणी किती, १९८३ साली ती जागतिक वारसा यादीत कशी आली, हे सांगता सांगता तीन मिनिटं सरतात. शिल्प पडद्यावर येतं तेव्हा बेल वाजायची वेळ झालेली असते.

वेरूळच्या कैलास मंदिरातलं, म्हणजे १६व्या लेण्यातलं, ‘रावण कैलास हलवतो’ हे शिल्प घेऊ. मंदिराच्या दक्षिण अंगाला, खालच्या बाजूला ते आहे. सावकाश बोललं तर पाच मिनिटांत साधारण पाचशे शब्द होतात. पण ऐकणाऱ्यांना बघायलाही वेळ हवा, म्हणून संहिता चारशे शब्दांची आणि स्लाइड पाचच.

पहिल्या स्लाइडवर पूर्ण शिल्प, एकही अक्षर नाही. बोलणाऱ्याने ठिकाण सांगावं आणि पंधरा-वीस सेकंद गप्प बसावं. मग म्हणावं: “आधी वर बघा. घरात काहीतरी हादरलंय, आणि प्रत्येक जण वेगळा वागतोय.”

दुसऱ्या स्लाइडवर फक्त वरचा भाग. संहिता अशी चालेल: “पार्वती शिवाकडे झुकली आहे, तिने त्याचा हात घट्ट धरलाय. तिच्यामागची दासी बघा, ती पाठ फिरवून पळत सुटली आहे. आणि शिव? तो आरामात बसलाय.” इथे ‘भावपूर्ण’, ‘अप्रतिम’ असे शब्द लागत नाहीत. कोण काय करतंय एवढं सांगितलं की भीती आणि निवांतपणा यांतला फरक मुलांना आपोआप दिसतो.

तिसरी स्लाइड रावणाची. “आता खाली या. हा हादरा याच्यामुळे. डोंगराखाली शिरून, अनेक हात दोन्हीकडे पसरून तो अख्खा कैलास उचलू बघतोय.” काही हात मोडलेले आहेत, तेही सांगून टाकावं, नाहीतर ऐकणारे हात मोजत बसतात. गोष्ट इथे येते, आधी नाही. बळाच्या गर्वात रावण कैलास उपटायला निघाला, शिवाने पायाचा नुसता अंगठा दाबला आणि रावण डोंगराखाली अडकला. पुढे त्याने शिवाची स्तुती केली आणि शिव प्रसन्न झाला. चार वाक्यं पुरतात, कारण चित्र मुलांच्या डोळ्यांपुढे आधीच आहे.

चौथी स्लाइड या भाषणाचा कणा. समोरून फ्लॅश मारून काढलेल्या फोटोत रावण भिंतीवर चिकटवल्यासारखा दिसतो. प्रत्यक्षात शिल्पकाराने त्याच्याभोवतीचा दगड खोलवर पोखरून काढलाय, त्यामुळे तो अंधाऱ्या गुहेत बसल्यासारखा वाटतो. म्हणून इथे फ्लॅशशिवाय, बाजूने काढलेला फोटो हवा. बोलायचं ते असं: “वरची मंडळी उजेडात, रावण सावलीत. ही सावली रंगवलेली नाही, दगड काढून तयार केली आहे.” मंदिर एकाच कातळात वरून खाली कोरत आणलंय. जास्त काढलेला दगड परत बसवता येत नाही. हे वाक्य मंदिराच्या प्रस्तावनेत वाया जातं, इथे मात्र नेमकं बसतं.

पाचव्या स्लाइडवर शेजारी शेजारी दोन फोटो: हा रावण आणि कैलासच्या आधी कोरलेल्या २९व्या लेण्यातला, म्हणजे धुमार लेण्यातला. कथा तीच. तिथे आकृती भिंतीतून उठून आल्या आहेत; इथे मात्र शिल्पकाराने पोकळीलाच कामाला लावलंय. इतिहास आता दोन वाक्यांत उरकतो: आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याने हे मंदिर उभारलं, असं नंतरच्या पिढ्यांतल्या ताम्रपटावरून समजतं. काही अभ्यासकांच्या मते मंदिराचे भाग टप्प्याटप्प्याने झाले, त्यामुळे हे शिल्प नेमकं त्याच राजाच्या हयातीतलं, असं छातीठोकपणे म्हणू नये. ‘अमुक वर्षांत अमुक लाख टन दगड काढला’ हे मोबाइलवर फिरणारे आकडेही गाळावेत. कोणत्याही शिलालेखात ते नाहीत.

संहिता लिहून झाली की एक चाळणी लावावी. पडद्यावरचा फोटो बंद केला तरी जे वाक्य जसंच्या तसं बोलता येईल, ते शिल्पाबद्दलचं नसतं. गोष्टीची चार आणि इतिहासाची दोन-तीन ठेवून अशी बाकीची सगळी वाक्यं खोडली, की भाषण पाच मिनिटांत बसतं.