वीस किलो जास्त आले, तर?

कारखान्याने १००० किलो खिळ्यांची ऑर्डर दिली. पाच टक्के कमी-जास्त चालेल, असे ठरले. पहिल्या गाडीतून ६०० किलो आले. गोदामाने तेवढेच जमा करून उरलेल्या ४०० किलोंसाठी ऑर्डर खुली ठेवली. दुसऱ्या गाडीच्या चलानावर ४५० होते, काट्यावर मात्र ४७० भरले. खरा आकडा काट्याचा. खरी गफलत पुढे होते: पाच टक्के त्या गाडीवर नव्हे, मूळ ऑर्डरवर मोजायचे. म्हणजे एकूण १०५० किलोंपर्यंतच मुभा. म्हणून साठ्यात ४५० चढवायचे. उरलेले २० वेगळे ठेवून खरेदी विभागाला विचारायचे, परत पाठवू की ऑर्डर वाढवता? हे वीस किलो नोंदीविना रॅकवर गेले, तर वर्षअखेरच्या मोजणीत माल कागदापेक्षा जास्त निघतो आणि कारण सापडत नाही.