एकोणतीस फेब्रुवारीचे दूध कोणत्या बिलात?

महाराष्ट्रातील अनेक सहकारी दूध संस्थांमध्ये उत्पादकांचे बिल दर दहा दिवसांनी निघते. पहिले बिल १ ते १० तारखेचे, दुसरे ११ ते २० चे आणि तिसरे २१ पासून महिनाअखेरपर्यंतचे. पहिल्या दोन बिलांचे दिवस ठरलेले असतात. तिसऱ्याचे मात्र महिन्यागणिक बदलतात. फेब्रुवारीत ते आठ असतात आणि लीप वर्षात नऊ. बिलाच्या सॉफ्टवेअरमधील एक दोष नेमका या नवव्या दिवशी उघडा पडतो.

प्रत्येक महिन्याची शेवटची तारीख काढण्यासाठी काही प्रोग्रॅममध्ये बारा आकड्यांचा तयार तक्ता ठेवलेला असतो: ३१, २८, ३१, ३० असा. फेब्रुवारीपुढे कायमचे २८ लिहिले गेले की तिसरे बिल २१ ते २८ तारखांच्या नोंदी गोळा करते आणि पुढचे १ मार्चपासून सुरू होते. २९ तारीख दोन्हींत बसत नाही. सॉफ्टवेअर २०२१ मध्ये बसवले असेल, तर २०२१, २०२२ आणि २०२३ या तिन्ही फेब्रुवारींत ते अचूक चालते. कितीही तपासले तरी त्या वर्षांत चूक सापडत नाही, कारण तेव्हा ती चूक नसतेच.

२९ फेब्रुवारी २०२४ चे उदाहरण घेऊ. समजा, एका उत्पादकाने सकाळी साडेसहा आणि संध्याकाळी साडेपाच, असे बारा लिटर दूध घातले. संकलनाचा प्रोग्रॅम तारीख संगणकाच्या घड्याळातून घेतो आणि घड्याळाला २९ तारीख ठाऊक असते. त्यामुळे वजन, फॅट, एसएनएफ आणि दर यांची पावती बिनचूक छापली जाते. दर सरासरी ३४ रुपये धरला, तर त्या दिवसाचे ४०८ रुपये होतात. रोज तेवढेच दूध घालणाऱ्या या उत्पादकाच्या बिलात नऊ दिवसांचे १०८ लिटर हवेत, येतात ९६. संगणक कुठलीही सूचना देत नाही, कारण त्याच्या लेखी काहीच बिघडलेले नसते. नोंद जागेवर असते, फक्त कोणतेही बिल तिला मागत नाही.

याच कारणाने हा दोष गाजलेल्या लीप दोषांपेक्षा वेगळा ठरतो. २९ फेब्रुवारी २०१२ रोजी मायक्रोसॉफ्टच्या अझुर सेवेत प्रमाणपत्राची मुदत ठरवताना वर्षात फक्त एक मिळवला गेला. त्यातून अस्तित्वात नसलेली २९ फेब्रुवारी २०१३ ही तारीख तयार झाली आणि सेवा कोलमडली. तिथे बिघाड लगेच दिसला. दूध बिलात मात्र काम सुरळीत चालल्यासारखे दिसते आणि रक्कम गळते.

संस्थेच्या हिशोबात मात्र खूण उमटते. संघाला पाठवलेल्या दुधाचे पैसे २९ तारखेसह जमा होतात, पण उत्पादकांकडील खरेदी आठच दिवसांची लागते. मापातील नेहमीची घट-वाढ थोडी असते; इथे मात्र खरेदी साधारण एक नवमांशाने कमी दिसते आणि संस्थेला अचानक मोठा वाढावा झाल्याचा भास होतो. रोजच्या संकलनाची बेरीज आणि बिलांमधील एकूण लिटर शेजारी ठेवले की चोरटा दिवस पकडला जातो.

दुरुस्ती करताना पूर्ण बिल पुन्हा काढणे धोक्याचे असते. पशुखाद्याची आणि कर्जहप्त्याची कपात आधीच झालेली असल्याने ती दुसऱ्यांदा होऊ शकते. २९ च्या नोंदींवर १ मार्च ही तारीख घालणेही चुकीचे, कारण त्या दिवशी त्याच उत्पादकाच्या नोंदी आधीच असतात आणि पावती खात्याशी जुळत नाही. फक्त २९ तारखेचे, कपात न लावलेले पुरवणी बिल काढणे हा सुरक्षित मार्ग आहे.

कायमच्या उपायासाठी तक्ता काढून टाकावा लागतो. पुढच्या महिन्याच्या १ तारखेतून एक दिवस वजा केला की शेवटची तारीख आपोआप मिळते. पायथॉन भाषेत ते असे लिहिता येते:

```
last = date(2024, 3, 1) - timedelta(days=1)
```

उत्तर २९ फेब्रुवारी येते. २०२३ घातल्यास २८. चाराने भाग जाणारे प्रत्येक वर्ष लीप धरण्याचा सोपा नियमही सध्या चालून जातो, पण २१०० साली फसेल. शंभराने भाग जाणारे वर्ष ४०० नेही भागले गेले तरच लीप ठरते. म्हणून २००० लीप होते, २१०० नसेल.

चाचणी चालू माहितीवर न करता तिच्या प्रतीवर करावी. २१ फेब्रुवारी ते १ मार्च २०२८ अशा नोंदी घालून दोन्ही बिले काढावीत. प्रत्येक तारीख एकाच बिलात, आणि एकदाच, आली तर दोष गेला असे समजावे.