ऑर्डरच्या नोंदीत काय असू नये

पुण्यातल्या एका फराळाच्या दुकानाची ऑनलाइन ऑर्डर घेणारी यंत्रणा मी आणि माझे दोन सहकारी सांभाळतो. दिवाळीच्या आधी चकली, अनारसे, चिवडा असे खोके नाशिकपासून बंगळुरूपर्यंत जातात आणि बरेच लोक कार्डाने पैसे भरतात. पैसे भरून झाल्यावर त्या ऑर्डरची पैशांबाबतची नोंद आमच्या डेटाबेसमध्ये अशी दिसते:

```
order_no     : F-20418
payment_id   : pay_8Kd2...
token_ref    : tok_5fQ1...
card_last4   : 1111
card_issuer  : (बँकेचं नाव)
status       : paid
```

यात कार्डाचा पूर्ण नंबर नाही, मुदत संपण्याची तारीख नाही, मागच्या बाजूचा सीव्हीव्ही तर नाहीच. तरीही हेच गिऱ्हाईक पुढच्या वर्षी आलं, की त्याला 'शेवटी 1111 असलेलं कार्ड' दिसतं आणि सोळा आकडे पुन्हा टाकावे लागत नाहीत.

हे होतं कसं? पैसे भरायच्या पानावर कार्डाचा नंबर टाकायची चौकट दिसायला दुकानाची असते, पण ती पेमेंट गेटवेच्या सर्व्हरवरून आलेली असते. गिऱ्हाइकाने टाकलेले आकडे ब्राउझरमधून थेट गेटवेकडे जातात, आमच्या सर्व्हरला ते कधी लागतच नाहीत. 'कार्ड जपून ठेवा' या खुणेवर गिऱ्हाइकाने स्वतः टिचकी मारली आणि ओटीपी दिला, तरच गेटवे कार्ड नेटवर्ककडे किंवा बँकेकडे टोकन मागतो. टोकन म्हणजे कार्डाच्या नंबरसारखाच दिसणारा दुसरा नंबर. तो ते कार्ड, ते दुकान आणि टोकन मागणारी संस्था या तिघांच्या एकत्र मेळापुरताच चालतो. शिवाय प्रत्येक व्यवहाराला नेटवर्क एकदाच चालणारा एक सांकेतिक पुरावा जोडतं. त्यामुळे नुसतं टोकन चोरून दुसऱ्या दुकानात खरेदी करता येत नाही. आमच्याकडे तर ते टोकनही नसतं, गेटवेने दिलेला त्याचा संदर्भ तेवढा असतो.

भारतात ही गोष्ट दुकानदाराच्या मर्जीवर सोडलेली नाही. रिझर्व्ह बँकेने अनेकदा मुदत वाढवून अखेर 1 ऑक्टोबर 2022 पासून नियम लागू केला: कार्डाचा तपशील कार्ड देणारी बँक आणि कार्ड नेटवर्क यांच्याशिवाय कोणी साठवायचा नाही. व्यवहाराचा माग काढायला आणि हिशेब जुळवायला फक्त शेवटचे चार आकडे आणि बँकेचं नाव ठेवता येतं. तेवढं पुरतं, हे रोज दिसतं. "माझे परताव्याचे पैसे आले नाहीत," असा फोन येतो तेव्हा काउंटरवरचा मुलगा ऑर्डर नंबर विचारतो, शेवटचे चार आकडे ताडून बघतो आणि `payment_id` वरून गेटवेकडे परतावा कुठे आहे ते पाहतो. पूर्ण नंबर विचारण्याची वेळ येत नाही.

इथे एक पळवाट नेहमी सुचवली जाते आणि ती फार फसवी आहे. "एकच कार्ड वेगवेगळ्या नावांनी वापरलं जातंय का ते कळायला हवं ना? मग नंबर नको, नंबरचा हॅश ठेवू." हॅश उलटा फिरवता येत नाही, म्हणून हे सुरक्षित वाटतं. प्रत्यक्ष गणित मांडून बघा. चाचणीसाठी सगळीकडे वापरला जाणारा 4111 1111 1111 1111 हा नंबर घ्या. पहिले सहा आकडे कार्ड देणाऱ्या बँकेचे असतात. बँकेचं नाव आपल्या नोंदीत आहेच, आणि त्या बँकेचे असे सुरुवातीचे आकडे कोणते ते शोधणं अवघड नाही. शेवटचे चार आकडे तर आपणच लिहून ठेवलेत. उरले मधले सहा, म्हणजे दहा लाख शक्यता. पण कार्डाच्या नंबरला लूनची परीक्षा पास व्हावी लागते. उजवीकडच्या दुसऱ्या आकड्यापासून एकाआड एक आकडा दुप्पट करायचा, दुप्पट दोन आकडी झाली तर तिच्या अंकांची बेरीज घ्यायची, आणि सगळ्यांची मिळून बेरीज दहाने भागली जायला हवी. आपल्या नंबरमध्ये दुप्पट होणारे आकडे म्हणजे एक चार आणि सात एक. त्यांचे झाले आठ आणि चौदा, उरलेल्या आठ एकांचे आठ, एकूण तीस. नंबर बरोबर. ही परीक्षा दर दहांतल्या एकाच नंबराला पास करते, म्हणून दहा लाखांच्या जागी एक लाखच शक्यता उरतात. साध्या लॅपटॉपवर एक लाख हॅश काढायला सेकंदही पुरतो. म्हणजे शेवटचे चार आकडे, बँकेचं नाव आणि साधा हॅश शेजारी शेजारी ठेवले, तर आपण कार्डाचा नंबरच ठेवला म्हणायचं. त्यामुळे आमच्या टेबलात हॅशचा रकाना नाही.

डेटाबेस असा कोरा ठेवला तरी नंबर आडवाटेने आत येतो. सर्वांत नेहमीची वाट लॉगची. एखादी विनंती फसली की प्रोग्रामर सोयीसाठी आलेली सगळी माहिती लॉगमध्ये लिहून ठेवतो आणि पुढे ते बंद करायचं राहून जातं. ब्रिटिश एअरवेजच्या 2018 मधल्या माहितीचोरीच्या तपासात नेमकं हे समोर आलं. काही व्यवहारांतले कार्डांचे तपशील, बहुतेकांत सीव्हीव्हीसह, साध्या मजकुरात लॉगमध्ये पडत होते. चाचणीसाठी घातलेली ती सोय यंत्रणा चालू झाल्यावरही तशीच राहिली होती, आणि डिसेंबर 2015 पासून हे चाललं होतं. लॉग 95 दिवसांनी पुसले जात, म्हणूनच हल्लेखोराच्या हाती लागू शकणाऱ्या कार्डांची संख्या सुमारे 1 लाख 8 हजारांवर थांबली. त्याच हल्ल्यात पैसे भरायच्या पानावर चोरटी स्क्रिप्ट घालून लोक नंबर टाकत असतानाच ते उचलले गेले. ब्रिटनच्या माहिती आयुक्तांनी 2020 मध्ये कंपनीला 2 कोटी पौंडांचा दंड केला.

यातून टोकनची मर्यादाही कळते. टोकन साठवलेल्या माहितीचं रक्षण करतं, टाइप होत असलेल्या माहितीचं नाही. आमच्या पानात कोणी घुसलं, तर तो गेटवेच्या चौकटीच्या जागी हुबेहूब खोटी चौकट बसवू शकतो. म्हणून पैसे भरायच्या पानावर आम्ही जाहिरातीची, गप्पांच्या खिडकीची, आकडेवारीची कुठलीही बाहेरची स्क्रिप्ट ठेवत नाही. ज्या थोड्या स्क्रिप्ट लागतातच त्यांची यादी ठेवतो आणि त्यांत अक्षर जरी बदललं तरी सूचना येते.

दुसरी आडवाट माणसांची. 'डिलिव्हरीसाठी सूचना' या रकान्यात लोक काहीही लिहितात. पैसे भरायला अडचण आली की कोणी तिथेच कार्डाचा नंबर टाकून "यातून घ्या" असं लिहितं. फोनवर ऑर्डर घेणारा मुलगाही मदतीच्या भावनेने नंबर शेऱ्यात उतरवून घेतो. म्हणून लॉग आणि सगळे मोकळे रकाने रोज रात्री चाळले जातात. सलग 13 ते 19 आकडे सापडले, मधल्या मोकळ्या जागा नि आडव्या रेघा धरून, की त्यांना लूनची परीक्षा लावायची. ती पास झाली की मधले आकडे पुसायचे आणि कोणत्या रकान्यातून ते आले ते कळवायचं. कुरिअरचे लांबलचक क्रमांकही यात सापडतात, कारण दर दहांतला एक नंबर योगायोगाने पास होतो. पण एकाच रकान्यातून वारंवार इशारा यायला लागला, तर तिथे गळती आहे का ते तपासायचं.

कार्डाला टोकन मिळालं, पण माणसाच्या पत्त्याला टोकन मिळत नाही. खोका पोहोचवणाऱ्याला पत्ता वाचावाच लागतो, जिना चढताना फोन करावा लागतो. इथे रक्षणाचे दोनच उपाय उरतात: मुळात कमी विचारणं आणि काम झालं की पुसणं. फॉर्ममध्ये आधी जन्मतारीख होती. दुकानाचे मालक म्हणाले, "अहो, वाढदिवसाला सवलतीचा मेसेज पाठवता येईल." मी त्यांना विचारलं, गेल्या वर्षी असे किती मेसेज पाठवले? एकही नव्हता. रकाना काढला. ई-मेल ऐच्छिक केला, लँडलाइन काढून टाकली.

पुसण्यासाठी ऑर्डरचे दोन भाग केले. बिल वेगळं आणि डिलिव्हरीचा तपशील वेगळा. जीएसटी कायद्यानुसार हिशेबाची कागदपत्रं त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून 72 महिने ठेवावी लागतात, म्हणून बिल राहतं. पण 'किल्ली समोरच्या आजींकडे आहे' ही सूचना सहा वर्षं ठेवायला कुठलाही कायदा सांगत नाही. उलट 2023 चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा सांगतो, की हेतू संपला आणि दुसऱ्या कायद्याने ठेवायला लावलं नसेल, तर माहिती पुसून टाका. तक्रारी आणि परतावे 45 दिवसांत निकाली निघतात असं आमच्या नोंदींतून दिसलं, म्हणून रोज रात्री हे चालतं:

```sql
UPDATE delivery
SET mobile = NULL, address_line = NULL, note = NULL
WHERE delivered_on < CURRENT_DATE - 45
  AND dispute_open = false;
```

शेवटची अट महत्त्वाची. वाद चालू असेल तर खोका कुठे पोहोचवला याचा पुरावा लागतो. आणि एवढ्याने काम संपत नाही, कारण बॅकअपमध्ये पुसलेली माहिती जिवंतच असते. आमचे बॅकअप 30 दिवसांनी नष्ट होतात, आणि बॅकअपवरून डेटाबेस पुन्हा उभा केला तर गिऱ्हाइकांसाठी खुला करण्याआधी हीच आज्ञा पुन्हा चालवायची, हे कामाच्या यादीत लिहून ठेवलंय.

तरीही सगळ्यांत मोठी गळती या सगळ्याच्या बाहेर असते. दिवाळीच्या घाईत कुरिअरवाल्याला शेकडो नावं, पत्ते आणि मोबाइल असलेली एक्सेल फाइल व्हॉट्सॲपवर पाठवली जाते. ती पाच-सहा फोनमध्ये उतरते आणि तिथून कोणीही ती पुसत नाही. वरची आज्ञा तिथपर्यंत पोहोचत नाही. यावर उपाय म्हणून आता कुरिअरच्या यंत्रणेला दर खोक्याचा पत्ता थेट जातो आणि एक्सेल उतरवून घ्यायचं बटण फक्त मालकांच्या खात्यात आहे.

तुमचं छोटं दुकान असेल, तर सुरुवात कार्डापासून करू नका. ते काम चांगला गेटवे करून देतो. आज संध्याकाळी तुमच्या फोनमधल्या व्हॉट्सॲपवर गेल्या दिवाळीची गिऱ्हाइकांची यादी शोधा आणि ती पुसून टाका. मग ज्यांना ती पाठवली होती, त्या प्रत्येकाला फोन करून त्यांच्याकडची पुसायला सांगा.