ट्रॅकर बदलताना नोंदींचा अर्थ टिकवायचा कसा

सॉफ्टवेअर तयार करणाऱ्या प्रत्येक चमूकडे ट्रॅकर असतो. सापडलेला दोष, हवी असलेली सुधारणा, कुणी तरी विचारलेली शंका अशा प्रत्येक बाबीची तिथे एक क्रमांकित नोंद होते आणि काम संपेपर्यंत ती त्याच क्रमांकाखाली चालत राहते. नोंदीला दोन गोष्टी जोडलेल्या असतात. एक म्हणजे फील्ड, म्हणजे माहितीचे ठरावीक रकाने : प्रकार, प्राधान्य, आवृत्ती, जबाबदार व्यक्ती. दुसरी म्हणजे वर्कफ्लो, म्हणजे नोंद कोणत्या टप्प्यांतून जाईल आणि एका टप्प्यावरून दुसऱ्या टप्प्यावर तिला कोण नेऊ शकेल, याचे नियम. ट्रॅकर बदलायची वेळ आली की मजकूर हलवणे हे तुलनेने सोपे काम असते. अडचण या दोन गोष्टींची होते, कारण जुन्या ट्रॅकरमधले रकाने आणि टप्पे नव्यात क्वचितच तसेच्या तसे सापडतात.

पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेचे स्थलांतर हे याचे उत्तम उदाहरण आहे, कारण ते सगळे उघड्यावर झाले आणि त्याच्या खुणा आजही कुणालाही पाहता येतात. २००७ पासून पायथनच्या नोंदी bugs.python.org या संकेतस्थळावर राउंडअप नावाच्या ट्रॅकरमध्ये होत्या. २०१७ मध्ये भाषेचा मूळ कोड गिटहबवर गेला, पण नोंदी जुन्या जागीच राहिल्या. २०१९ मध्ये त्याही गिटहबवर नेण्याचा प्रस्ताव मान्य झाला आणि एप्रिल २०२२ मध्ये त्या प्रत्यक्ष हलल्या. मधली तीन वर्षे मुख्यतः काय कशात बदलायचे हे ठरवण्यात आणि त्याची तयारी करण्यात गेली.

दोन्ही साधनांची घडण पाहिली की कारण कळते. राउंडअपमध्ये प्रत्येक नोंदीला प्रकार, टप्पा, घटक, आवृत्त्या, स्थिती, निकाल, प्राधान्य, अवलंबून असलेल्या इतर नोंदी आणि लक्ष ठेवून असलेल्या लोकांची यादी असे स्वतंत्र रकाने होते. गिटहबकडे त्या वेळी नोंदीसाठी उघडी आणि बंद अशा दोनच स्थिती होत्या. बाकी वर्गीकरण करायचे ते लेबलांनी. लेबल म्हणजे नोंदीवर चिकटवलेला एक शब्द. ते कोणत्याही रकान्याचे नसते, त्यामुळे एका नोंदीवर परस्परविरोधी दोन लेबले लागली तरी साधन हरकत घेत नाही. राउंडअपमध्ये प्राधान्य एकाच वेळी एकच असू शकत होते. लेबलांच्या जगात तेवढी शिस्तही माणसांनीच पाळायची असते.

एक नमुना नोंद घेतली तर रूपांतर कसे होते ते दिसेल. समजा, प्रमाण ग्रंथालयातल्या एखाद्या मॉड्यूलमध्ये दोष आहे, दुरुस्ती लिहून झाली आहे आणि ती तपासायची बाकी आहे. जुन्या ट्रॅकरमध्ये तिचे मुख्य रकाने असे असतील :

```
components = ['Library (Lib)']
priority = 'normal'
stage = 'patch review'
status = 'open'
type = 'behavior'
versions = ['Python 3.10', 'Python 3.11']
```

गिटहबवर हीच नोंद उघडी राहते आणि तिच्यावर `type-bug`, `stdlib`, `3.10` आणि `3.11` अशी लेबले येतात. `behavior` हा प्रकार `type-bug` झाला, घटकाचे `stdlib` झाले, आवृत्त्यांची दोन लेबले झाली. `normal` या प्राधान्याला मात्र लेबल मिळाले नाही, आणि हा निर्णय अगदी योग्य होता. बहुतेक नोंदींवर `normal` असेल तर त्यावरून कुणीही काहीही शोधत नाही. `high` आणि `low` यांनाही जागा मिळाली नाही. `release-blocker` आणि `deferred-blocker` ही दोन लेबले मात्र ठेवली गेली, कारण आवृत्ती प्रसिद्ध करणारी व्यक्ती त्यांच्या आधारे प्रकाशन थांबवते किंवा पुढे नेते. रकाना ठेवायचा की सोडायचा हे ठरवण्याची खरी कसोटी हीच : या मूल्यामुळे कुणाची पुढची कृती बदलते का? बदलत असेल तर त्याला नव्या साधनात जिवंत जागा द्यावी. बदलत नसेल तर त्याची फक्त नोंद ठेवावी.

ती नोंद पायथनच्या चमूने ठेवली, आणि या स्थलांतरातला सर्वांत अनुकरणीय भाग हाच आहे. स्थलांतरित झालेल्या प्रत्येक नोंदीच्या पहिल्या मजकुरात जुन्या ट्रॅकरचे सगळे रकाने मूळ नावांनी आणि मूळ मूल्यांनी जसेच्या तसे उतरवलेले आहेत. लेबल न मिळालेले प्राधान्य, टप्पा, निकाल, सगळे तिथे वाचता येते. त्या मजकुरावर गाळणी लावता येत नाही, त्यातून यादी करता येत नाही, पण दहा वर्षांपूर्वीची नोंद तेव्हा का बंद केली हे पाहायचे असेल तर उत्तर तिथेच मिळते. रूपांतराच्या नियमांत चूक राहिली असेल तर ती दुरुस्त करायलाही मूळ मूल्य हाताशी राहते.

वर्कफ्लोचे रूपांतर याहून नाजूक असते, कारण टप्प्याचा अर्थ बऱ्याचदा दोन-तीन रकान्यांत मिळून असतो. वरच्या नमुन्यात `status` मध्ये `open` आहे आणि `stage` मध्ये `patch review`. दोन्ही एकत्र वाचले तरच कळते की आता तपासणाऱ्याने पुढे यायचे आहे. रकाना घ्यायचा आणि त्याचा समांतर रकाना शोधायचा, असे एकेक करत गेले की हा अर्थ निसटतो. पायथनच्या बाबतीत `stage` चे काम आधीच दुसरीकडे गेले होते : कोड गिटहबवर असल्याने तपासणीची अवस्था नोंदीला जोडलेल्या पुल रिक्वेस्टवर दिसतच होती. म्हणून त्या रकान्याला लेबलांचा नवा संच द्यावा लागला नाही. `pending` म्हणजे तक्रारदाराच्या उत्तराची वाट पाहणे. त्याला पर्याय नव्हता, म्हणून त्याच नावाचे लेबल ठेवले गेले.

उलट्या दिशेने, म्हणजे साध्या ट्रॅकरमधून जिरासारख्या काटेकोर साधनात जाताना, वेगळा सापळा असतो. जिरामध्ये नोंदीची स्थिती आणि तिचा निकाल हे दोन वेगळे रकाने आहेत, आणि नोंद निकालात निघाली की नाही हे जिरा `Resolution` या रकान्यावरून ठरवते. जुन्या बंद नोंदींना `Done` ही स्थिती दिली पण निकाल रिकामा ठेवला, तर त्या फलकावर संपलेल्या दिसतात आणि अहवालात मात्र अनिर्णित मोजल्या जातात. याची दुसरी बाजूही आहे : निकालाच्या पर्यायांत कुणी हाताने `Unresolved` नावाचे मूल्य तयार केले, तर ते मूल्य असलेली प्रत्येक नोंद निकाली समजली जाते, कारण रकाना रिकामा राहत नाही. पहिली चूक ओळखायला आयातीनंतर एक शोध पुरतो :

```
statusCategory = Done AND resolution IS EMPTY
```

या शोधाचे उत्तर शून्य यायला हवे. दुसऱ्या चुकीसाठी `EMPTY` च्या जागी `Unresolved` या मूल्याचे नाव टाकून न चालवता निकालांची यादीच उघडून पाहावी, कारण `Unresolved` हा शब्द जिरा स्वतःही रिकाम्या निकालासाठी वापरते.

फील्ड आणि टप्पे मार्गी लागले तरी नोंदींचे क्रमांक उरतात. पायथनच्या कोडमधल्या हजारो बदलांच्या संदेशांत `bpo-` आणि पुढे क्रमांक अशी खूण होती. गिटहबवर पुल रिक्वेस्ट आणि नोंदी एकाच क्रमावलीत असतात, आणि २०१७ पासूनच्या पुल रिक्वेस्टनी तीस हजारांहून अधिक क्रमांक आधीच घेतले होते. त्यामुळे जुने क्रमांक टिकवणे शक्यच नव्हते. उपाय असा निघाला की नव्या नोंदींची खूण `gh-` झाली, आणि `bpo-` ने सुरू होणारी जुनी खूण जुन्या संकेतस्थळामार्फत योग्य नव्या नोंदीकडे वळवली गेली. त्यासाठी प्रत्येक जुन्या क्रमांकासमोर नवा क्रमांक असलेला तक्ता लागतो. कोणत्याही स्थलांतरातून आणखी काही जपता आले नाही तरी हा तक्ता जपावा.

मजकुराच्या आतही क्रमांक दडलेले असतात. जुन्या प्रतिसादात कुणी `#1234` लिहिले असेल आणि ते तसेच गिटहबवर आले, तर त्याचा दुवा भलत्याच पुल रिक्वेस्टकडे जातो. हा दोष फार फसवा आहे, कारण दुवा तुटत नाही. तो उघडतो आणि चुकीचे पान दाखवतो. हाच प्रकार `@` या चिन्हाचा. पायथनमध्ये `@property` हा कोडचा भाग असतो, गिटहबच्या लेखी तो त्या नावाच्या वापरकर्त्याचा उल्लेख असतो. म्हणून आयातीपूर्वी मजकुरातले क्रमांक नव्या खुणेत बदलावे लागतात आणि कोड कोडच्या चौकटीत टाकावा लागतो.

माणसांची जोडणी हा स्वतंत्र विषय आहे. जुन्या ट्रॅकरवरच्या अनेकांनी आपले गिटहब खाते कधीच नोंदवलेले नव्हते. त्यांच्या नोंदी आणि प्रतिसाद गिटहबवर मॅनिकिन या खुणेसह, त्यांच्या जुन्या नावाने दिसतात. नाव टिकते, पण त्या खात्याला निरोप जात नाही. एखादी उघडी नोंद अशा नावाकडे सोपवलेली राहिली, तर ती कुणाच्याच कामाच्या यादीत येत नाही. अशा नोंदी स्थलांतराच्या आधी वेगळ्या काढून जिवंत खात्याकडे सोपवणे हाच मार्ग.

आयात बरोबर झाली की नाही हे एकूण संख्या जुळवून कळत नाही. सगळ्या नोंदी आल्या आणि निम्म्यांचा अर्थ बदलला, तरी बेरीज जुळतेच. जुन्या बाजूला स्थिती, निकाल आणि प्रकार यांच्या प्रत्येक जोडीखाली किती नोंदी आहेत ते मोजावे आणि नियमांप्रमाणे नव्या बाजूला किती असायला हव्यात ते आधीच लिहून ठेवावे. मग चाचणीच्या रिकाम्या प्रकल्पात पूर्ण आयात करून आकडे ताडून पाहावेत. फरक साधारणतः अशा मूल्यांत सापडतो जी वर्षांपूर्वी यादीतून काढली गेली, पण जुन्या नोंदींवर राहून गेली. नियम लिहिताना ती कुणाला दिसलेलीच नसतात. त्यानंतर काही नोंदी हाताने उघडाव्यात : सर्वांत जुनी, सर्वांत लांब चर्चेची, सर्वाधिक जोडपत्रांची आणि रोमन लिपीबाहेरचा मजकूर असलेली. चाचणीच्या वेळी निरोप पाठवण्याची सोय बंद ठेवायला विसरू नये, नाही तर हजारो जुन्या नोंदींचे ई-मेल एकाच रात्री सगळ्यांच्या पेटीत येतात.

जोडपत्रे हलवणे अनेकदा सर्वांत अवघड ठरते. पायथनच्या स्थलांतरित नोंदींत जुन्या फाइलींचे दुवे bugs.python.org कडेच जातात. ते संकेतस्थळ नव्या नोंदी घेत नाही, पण वाचण्यासाठी चालू ठेवले आहे, आणि जुन्या क्रमांकांचे वळवणेही तेच करते. ट्रॅकर बदलण्याचा खर्च मांडताना जुना सर्व्हर किमान वाचण्यापुरता चालू ठेवण्याचा खर्च त्यात पहिल्या दिवसापासून धरावा लागतो.