सरन्यायाधीशांच्या नेमणुकीची तारीख

२९ एप्रिल २०२५ रोजी केंद्रीय विधी व न्याय मंत्रालयाच्या न्याय विभागानं एक अधिसूचना काढली. तिचा आशय एका वाक्यात मावतो: राज्यघटनेच्या कलम १२४ च्या दुसऱ्या खंडानं दिलेल्या अधिकारानुसार राष्ट्रपती सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती भूषण रामकृष्ण गवई यांची १४ मे २०२५ पासून भारताचे सरन्यायाधीश म्हणून नेमणूक करीत आहेत. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांनी अमरावतीच्या या सुपुत्राचं चरित्र रकानेच्या रकाने छापलं आणि ते योग्यच होतं. मूळ कागदावर मात्र चारच गोष्टी होत्या. अधिकार कुठून आला, माणूस कोण, पद कोणतं आणि कधीपासून. यातल्या शेवटच्या गोष्टीकडं वाचकाचं सहसा लक्ष जात नाही, आणि तिथंच सांगण्यासारखं बरंच काही दडलेलं आहे.

१४ मे ही तारीख मंत्रालयानं निवडलेली नव्हती. गवईंच्या आधीचे सरन्यायाधीश संजीव खन्ना यांचा जन्म १४ मे १९६० चा. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला घटनेनं वयाच्या पासष्टीपर्यंत पद दिलं आहे. आपल्याकडच्या कायद्याच्या हिशेबात माणूस वाढदिवसाच्या आदल्या दिवशी ते वय पूर्ण करतो, कारण जन्माचा दिवस पहिला धरला की पासष्ट वर्षं आदल्या रात्रीच भरतात. म्हणून खन्नांचा शेवटचा दिवस १३ मे, आणि नव्या माणसाचा पहिला दिवस म्हणजे जुन्याचा वाढदिवस. मागं जाऊन पाहा. न्या. शरद बोबडे यांचा जन्म २४ एप्रिल १९५६ चा, त्यांच्यानंतरचे न्या. रमणा २४ एप्रिल २०२१ ला सरन्यायाधीश झाले. रमणांचा वाढदिवस २७ ऑगस्टचा, त्याच दिवशी २०२२ मध्ये न्या. उदय लळित आले. लळितांचा ९ नोव्हेंबरचा, त्या दिवशी न्या. धनंजय चंद्रचूड आले. इतर सरकारी नोकरांना ज्या महिन्यात वय भरतं त्या महिन्याच्या अखेरपर्यंत खुर्ची मिळते, पगाराचा हिशेब सोपा राहावा म्हणून असेल. न्यायाधीशांना ही सवलत नाही. महिन्याच्या मधोमध, आठवड्याच्या मधोमध, एखादी सुनावणी अर्ध्यावर असली तरी त्यांना उठावं लागतं.

तारीख ठरलेली, मग नाव? नेमणुकीसाठी १९९९ पासून एक लिखित कार्यपद्धती आहे. तिच्यानुसार पदासाठी योग्य समजल्या जाणाऱ्या सर्वांत ज्येष्ठ न्यायाधीशाला सरन्यायाधीश करावं. कायदामंत्री मावळत्या सरन्यायाधीशांना पत्र लिहून त्यांची शिफारस मागतात, शिफारस आली की पंतप्रधानांपुढं ठेवतात, पंतप्रधान राष्ट्रपतींना सल्ला देतात. गवईंच्या बाबतीत खन्नांची शिफारस १६ एप्रिलला गेली, अधिसूचना २९ ला निघाली आणि पदभाराला पंधरा दिवस उरले. म्हणजे आपण जिला नेमणुकीची बातमी म्हणतो, ती खरं तर सगळ्यांना ठाऊक असलेल्या गोष्टीवरचा शिक्का असतो.

पण ही ज्येष्ठता वयाची नाही, सर्वोच्च न्यायालयात रुजू झाल्याच्या तारखेची आहे, आणि इथं नशीब फार बारीक फरकानं वळतं. गवई १९८५ मध्ये वकिलीत आले. सुरुवातीला माजी महाधिवक्ता राजा भोसले यांच्या हाताखाली काम केलं, मग मुंबईत आणि पुढं मुख्यतः उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात वकिली केली. नागपूर आणि अमरावती महापालिकांचे ते वकील होते, नंतर नागपूर खंडपीठात सरकारी वकील झाले. १४ नोव्हेंबर २००३ ला ते मुंबई उच्च न्यायालयाचे अतिरिक्त न्यायमूर्ती झाले आणि दोन वर्षांनी कायम. सर्वोच्च न्यायालयात त्यांनी २४ मे २०१९ रोजी शपथ घेतली. त्याच दिवशी न्या. सूर्य कांत यांनीही घेतली. दिवस एकच असला तरी क्रमात गवई आधी होते. हा क्रम उलटा असता तर काय झालं असतं, ते जन्मतारखांवरून लगेच कळतं. सूर्य कांत यांचा जन्म १० फेब्रुवारी १९६२ चा, त्यामुळं ते ९ फेब्रुवारी २०२७ पर्यंत पदावर राहू शकतात. गवईंचा जन्म २४ नोव्हेंबर १९६० चा, त्यांची निवृत्ती २३ नोव्हेंबर २०२५ ला. सूर्य कांत आधी असते तर मे २०२५ मध्ये तेच सरन्यायाधीश झाले असते आणि गवई त्यांच्याच कारकिर्दीत साधे न्यायमूर्ती म्हणून निवृत्त झाले असते. न्या. के. जी. बालकृष्णन यांच्यानंतरचे दुसरे दलित सरन्यायाधीश आणि या पदावरचे पहिले बौद्ध, अशी जी नोंद झाली ती झालीच नसती. परिचयातली रुजू होण्याची तारीख म्हणूनच वरवर वाचून सोडू नये. ती पुढच्या कित्येक वर्षांचा हिशेब सांगते.

अधिसूचनेत जे नाही तेही पाहावं. गवई कधीपर्यंत सरन्यायाधीश राहणार, याचा तिच्यात उल्लेख नाही. शेजारी रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांचा आदेश ठेवला की फरक उठून दिसतो. ९ डिसेंबर २०२४ रोजी संजय मल्होत्रा यांच्या नेमणुकीचा आदेश निघाला. त्यात ११ डिसेंबरपासून तीन वर्षं किंवा पुढील आदेश होईपर्यंत, यांपैकी जे आधी घडेल ते, अशी मुदत होती. ‘पुढील आदेश होईपर्यंत’ हे शब्द कार्यालयीन सवयीचे वाटतात, पण नेमणाऱ्याच्या हातात दोरी ठेवतात. सरन्यायाधीशांच्या कागदावर ते लिहिताच येत नाहीत. त्यांची मुदत घटनेनं ठरवली आहे आणि त्याआधी त्यांना हटवायचं तर संसदेच्या दोन्ही सभागृहांत विशेष बहुमतानं ठराव करावा लागतो. मुदतीचा रकाना रिकामा असणं ही इथं त्रुटी नाही, ते संरक्षण आहे.

मग सरकारच्या हातात काय उरतं? नाव. आणि अधिसूचना किती आधी काढायची हे. दोन्हींचा उपयोग एकदा एकाच वेळी झाला. २४ एप्रिल १९७३ रोजी केशवानंद भारती खटल्याचा निकाल लागला आणि घटनेची मूलभूत चौकट संसदेला मोडता येणार नाही असं सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं. सरन्यायाधीश सिक्री यांचा शेवटचा दिवस २५ एप्रिल होता. वाढदिवस २६ चा, म्हणजे तारीख तेव्हाही आधीपासून ठरलेली. तरीही उत्तराधिकारी कोण, हे त्या शेवटच्या दिवशी आकाशवाणीच्या बातम्यांतून कळलं. न्या. शेलत, न्या. हेगडे आणि न्या. ग्रोव्हर या तीन ज्येष्ठांना डावलून न्या. अजितनाथ राय यांचं नाव जाहीर झालं होतं. शेलत, हेगडे आणि ग्रोव्हर तिघांचंही मत त्या निकालात सरकारच्या विरोधात गेलं होतं. तिघांनीही राजीनामे दिले. जानेवारी १९७७ मध्ये तसंच पुन्हा घडलं. आणीबाणीत नागरिकांच्या बाजूनं एकट्यानं भिन्नमत नोंदवणारे न्या. हंसराज खन्ना मागं ठेवले गेले, न्या. बेग पुढं आले आणि खन्नांनी राजीनामा दिला. २०२५ साली गवईंच्या हाती कारभार देणारे संजीव खन्ना हे याच हंसराज खन्नांचे पुतणे.

म्हणून माझ्या मते अशा नेमणुकीची बातमी वाचताना अधिसूचनेची तारीख आणि अंमलाची तारीख यांतलं अंतर मोजावं. ज्येष्ठतेची यादी सर्वांपुढं असताना घोषणा शेवटच्या दिवसापर्यंत अडली, तर विचारायला जागा आहे. चंद्रचूड यांची अधिसूचना २३ दिवस आधी निघाली होती, सूर्य कांत यांची २५ दिवस आधी.

अधिसूचना निघाली म्हणजे माणूस पदावर आला असंही नाही. कलम १२४ च्याच सहाव्या खंडानुसार शपथ घेतल्याशिवाय न्यायाधीशाला काम सुरू करता येत नाही. गवईंनी १४ मे रोजी राष्ट्रपती भवनात राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्यासमोर शपथ घेतली, त्यानंतर ते पदावर आले. सरन्यायाधीशांच्या बाबतीत हे अंतर काही तासांचं असतं, पण एका उच्च न्यायालयाच्या बाबतीत याच फटीतून एक नेमणूक निसटली. गुवाहाटी उच्च न्यायालयासाठी के. एन. श्रीवास्तव यांच्या नेमणूकपत्रावर राष्ट्रपतींची सही झाली होती. शपथ बाकी होती. ते न्यायदानाच्या पदावर घटनेला हवी तेवढी वर्षं नव्हते, वकील म्हणूनही त्यांनी काम केलेलं नव्हतं, अशी तक्रार झाली. १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती मान्य केली, नेमणूक रद्द ठरवली आणि त्यांना शपथ देऊ नये असा आदेश दिला. राष्ट्रपतींच्या सहीचा कागद शपथेआधी रद्द होण्याची ती पहिलीच वेळ. नेमणुकीच्या घोषणेसोबत येणारा परिचय केवळ कौतुकासाठी नसतो, पात्रतेचा पुरावाही त्यातच असतो, हे त्या खटल्यानं ठळक केलं.

एकदा हा हिशेब कळला की पुढच्या अधिसूचनाही आधीच वाचता येतात. गवईंच्या ६५ व्या वाढदिवशी, २४ नोव्हेंबर २०२५ ला, सूर्य कांत आले. ज्येष्ठतेचा प्रघात पाळला गेला तर १० फेब्रुवारी २०२७ पासून न्या. विक्रम नाथ येतील. त्यांचा जन्म २४ सप्टेंबर १९६२ चा असल्यानं त्या वर्षी २४ सप्टेंबरला न्या. बी. व्ही. नागरत्ना यांची पाळी येते आणि देशाला पहिल्या महिला सरन्यायाधीश मिळतात. त्यांचा स्वतःचा वाढदिवस ३० ऑक्टोबरचा. त्यामुळं त्यांच्या वाट्याला जेमतेम ३६ दिवस येतात.